यंत्र शेवटचे तपासले केव्हा?

एखाद्या बँकेच्या एटीएमवर स्किमर सापडला की पंचनाम्यात आणि बँकेच्या अंतर्गत अहवालात तीन गोष्टी हमखास लिहिल्या जातात. उपकरण किती वाजता सापडले, त्या वेळी यंत्र कोणत्या अवस्थेत होते आणि किती ग्राहकांना त्याचा फटका बसला असू शकतो. पहिली नोंद मिनिटापर्यंत अचूक असते, कारण ज्याने पाहिले तो समोर उभा असतो. दुसरी बरी असते. तिसरी मात्र बहुतेक वेळा अंदाजाने भरलेली असते, आणि ग्राहकाचे सगळे हित तर त्या तिसऱ्या रकान्यात असते. तो आकडा चौथ्या एका नोंदीवाचून काढताच येत नाही, आणि ती नोंद कोणी ठेवत नाही. हेच यंत्र, हेच कार्डाचे तोंड कोणी तरी नीट पाहून ‘इथे काही लावलेले नाही’ असे शेवटचे केव्हा म्हटले, हा तो प्रश्न आहे. सापडल्याची वेळ ही चोरीच्या काळाची शेवटची कड असते. सुरुवातीची कड ठाऊक नसेल तर मधला काळ मोजायचा कसा आणि त्या काळात आलेली माणसे शोधायची कशी? रिद्धपूरसारख्या गावात हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा जास्त बोचतो. का, ते सांगण्याआधी हे उपकरण नेमके काय चोरते ते पाहावे लागेल.

कार्डाच्या मागची काळी पट्टी चुंबकीय असते. एटीएमला लागणारी माहिती त्या पट्टीच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेली असते आणि ती जेमतेम चाळीस अक्षरांत मावते. कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याचे वर्ष-महिना, कार्ड कसे वापरायचे ते सांगणारा तीन आकडी संकेत आणि बँकेने पडताळणीसाठी टाकलेले काही आकडे, एवढेच तिच्यात असते. ही माहिती गुप्त लिपीत नसते. वाचणारे डोके तिच्यावरून फिरले की ती उतरते. स्किमर म्हणजे असे एक जादा डोके. ते कार्डाच्या तोंडावर मूळ भागासारख्याच रंगाच्या खोट्या तोंडात बसवतात, किंवा हल्ली इतके पातळ करतात की ते तोंडाच्या आत सरकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पण पट्टीत पिन नसतो, आणि कळफलकावर दाबलेला पिन तिथेच सांकेतिक होऊन पुढे जातो. तो मधूनच पकडता येत नाही. म्हणून चोराला दुसरी वस्तू लागते. एक तर वरून आकड्यांकडे रोखलेला बारीक कॅमेरा, नाही तर खऱ्या कळफलकावर चिकटवलेला खोटा कळफलक. कार्ड आणि पिन यांची जोडी लावायची असते ती वेळेवरून: पट्टी दहा वाजून बारा मिनिटांनी वाचली गेली आणि कॅमेऱ्यात त्याच मिनिटाला बोटे दिसली, की दोन्ही एका माणसाची. सापडलेली वस्तू एकच असेल तर दुसरी कुठे आहे, हा प्रश्न त्यामुळे लगेच विचारावा लागतो. फक्त तोंडावरचे काढून ‘यंत्र साफ झाले’ असे म्हणणे चूक आहे.

आपल्या राज्याशी धागा जुळलेले आणि चांगले नोंदले गेलेले प्रकरण २०१६ सालचे आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या वेळ्ळयंबलम भागात आल्तरा जंक्शनला स्टेट बँकेचे एक एटीएम होते. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुरुवातीला तिथल्या खातेदारांच्या मोबाइलवर पैसे काढल्याचे संदेश येऊ लागले. कार्डे त्यांच्या खिशात होती आणि पैसे निघत होते मुंबईत. पोलिसांनी एटीएमच्या खोलीत शोध घेतला तेव्हा छताला धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रासारखी दिसणारी वस्तू सापडली; तिच्यात कॅमेरा होता. सीसीटीव्हीचे चित्रण मागे-मागे नेल्यावर परदेशी माणसे ती वस्तू बसवताना दिसली, आणि ते चित्रण जूनच्या अखेरचे होते. ९ ऑगस्टला एक रोमानियन नागरिक मुंबईत पकडला गेला. या घटनेतल्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. उपकरण बसले जूनच्या अखेरीस, बोभाटा झाला ऑगस्टमध्ये. मधल्या महिनाभराहून अधिक काळात त्या खोलीत रोकड भरणारे आले असतील, झाडू मारणारे आले असतील, शाखेचे लोकही आले असतील. छतावरच्या त्या वस्तूकडे कोणाचीही नजर गेली असती तर तिला एक तारीख मिळाली असती. तशी तारीख कोणाजवळ नव्हती, म्हणून सुरुवातीची कड शोधायला चित्रण उलगडावे लागले, आणि ते सुदैवाने शिल्लक होते. सीसीटीव्हीची पेटी जुन्यावर नवे चित्रण लिहीत जाते. जागा भरली की जुने पुसले जाते. चित्रण आधीच पुसले गेले असते तर बँकेला ‘अनेक ग्राहक’ यापुढे काही म्हणता आले नसते.

आता हेच रिद्धपुरात घडले तर काय होईल, ते आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, कोणत्या यंत्राचे नाहीत. समजा, शनिवारी सकाळी अकरा वाजता रोकड भरणारी गाडी आली आणि मंगळवारी दुपारी चार वाजता कोणाला तरी कार्डाचे तोंड सैल वाटले. प्रत्येक एटीएम आपल्या व्यवहारांची नोंदवही ठेवते. बँकेचे लोक तिला जर्नल म्हणतात. शनिवार अकरा ते मंगळवार चार या काळात तिच्यात तीनशे वीस नोंदी आहेत असे धरू. त्यांपैकी वीस नोंदी मोबाइलवरून यूपीआयने कार्ड न घालता पैसे काढणाऱ्यांच्या असतील तर त्या वगळायच्या, कारण पट्टी वाचलीच गेली नाही. उरल्या तीनशे. त्यांत काही जण दोनदा-तीनदा आलेले, म्हणजे वेगवेगळी कार्डे अडीचशेच्या आत. इथे नेहमी होणारी एक चूक अशी की फक्त पैसे निघालेल्या नोंदी मोजल्या जातात. ज्याने नुसती शिल्लक पाहिली, ज्याचा पिन चुकला, ज्याला ‘रोकड उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले, त्याचीही पट्टी त्या डोक्याखालून गेलेली असते. सणाआधी यंत्र कोरडे पडते तेव्हा असे रिकाम्या हाताने परतणारे कमी नसतात. त्यांच्यापैकी ज्याने पिन दाबला तो पैसे मिळालेल्या माणसाइतकाच धोक्यात आहे, आणि पैसे न मिळाल्यामुळे आपण त्या यंत्रावर गेलो होतो हेही तो कदाचित विसरून जाईल.

पुढची अडचण खास रिद्धपूरची आहे. मोर्शी तालुक्यातले हे गाव गोविंदप्रभूंचे. महानुभाव पंथाचे अनुयायी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तर येतातच, पंजाबातूनही येतात. आता मराठी भाषा विद्यापीठामुळे बाहेरगावची मुलेही इथे राहतात. म्हणजे इथल्या यंत्रात पडणारी कार्डे एकाच बँकेची नसतात. यंत्राच्या मालक बँकेकडे परक्या बँकेच्या कार्डाचा फक्त क्रमांक येतो. त्या क्रमांकामागचे नाव, गाव, मोबाइल हे सगळे कार्ड देणाऱ्या बँकेजवळ असते. मालक बँकेने आपल्या खातेदारांना संदेश पाठवला, त्यांची कार्डे बंद केली आणि बाकीच्या क्रमांकांची यादी ज्या-त्या बँकेला धाडली नाही, तर लुधियानाच्या किंवा जळगावच्या यात्रेकरूला काही कळणारच नाही. तो घरी पोचलेला असेल, महिन्याभराने पैसे जातील आणि त्याच्या शाखेत कोणाला रिद्धपूर आठवणारही नाही. शहरातल्या यंत्रावरचे बहुतेक ग्राहक त्याच शहरात राहतात आणि दहा तक्रारी एकाच ठाण्यात आल्या की पोलिसांच्या लक्षात येते. यात्रेच्या गावी चोरलेल्या कार्डांच्या तक्रारी दहा जिल्ह्यांतल्या दहा ठाण्यांत विखुरतात. तपासाची नेहमीची रीत अशी की पैसे गेलेली कार्डे घ्यायची, प्रत्येकाचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले व्यवहार काढायचे आणि सगळ्यांत सामाईक असलेले एक यंत्र व एक काळ शोधायचा. कार्डे एकत्र आलीच नाहीत तर तो सामाईक बिंदू दिसत नाही. म्हणून अशा गावात सुरुवातीची कड यंत्रापाशीच पकडावी लागते. नंतर तक्रारींवरून ती सापडेल ही आशा इथे फार तोकडी आहे.

यंत्राची अवस्था म्हणून काय लिहायचे, यावरही या कडेचा शोध अवलंबून असतो. ‘उपकरण आढळले, काढून टाकले’ एवढी नोंद पुढे काही उपयोगाची नाही. आधी यंत्र ग्राहकांसाठी बंद करायचे, पण उपकरणाला हात लावायचा नाही. पोलीस येईपर्यंत ते होते तसेच ठेवायचे, कारण त्याच्यावर बोटांचे ठसे असतात आणि लावणारा ते घ्यायला परत येण्याची शक्यता असते. माहिती अनेकदा त्या वस्तूतच साठलेली असते आणि ती मिळवायला त्याला पुन्हा यावेच लागते. मग बघायचे की चिकटपट्टी ताजी आहे की धुळीने माखलेली, बॅटरी जिवंत आहे की मेलेली, आत साठवणीची चिप आहे की मोबाइलसारखे माहिती बाहेर धाडणारे सर्किट. बॅटरी मेलेली असेल तर चोरी काही काळापूर्वीच थांबलेली असू शकते. माहिती बाहेर धाडणारे सर्किट असेल तर उपकरण हाती आले म्हणून चोरलेली कार्डे परत हाती आली असे होत नाही. अशा उपकरणांची बॅटरी लहान असते, त्यामुळे काही टोळ्या ते सकाळी लावतात, संध्याकाळी काढतात आणि पुढच्या सुटीच्या दिवशी पुन्हा आणतात. म्हणजे आज सापडलेले उपकरण पहिल्यांदाच आले असे धरून चालत नाही. मागच्या रविवारचे चित्रणही पाहावे लागते. आणखी एक गोष्ट अहवालात क्वचित दिसते, ती म्हणजे घड्याळांमधला फरक. सीसीटीव्हीच्या पेटीचे घड्याळ आणि एटीएमच्या जर्नलचे घड्याळ एकमेकांशी जुळतेच असे नाही. पेटी बारा मिनिटे पुढे असेल आणि चित्रणात रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी कोणी तोंडाशी वाकलेला दिसला, तर जर्नलमध्ये ती वेळ सहा अठ्ठावन्न होते. ही तफावत त्याच दिवशी लिहून ठेवली नाही तर त्या बारा मिनिटांत आलेला माणूस यादीतून गळतो. उलट, ही वेळ बरोबर पकडली तर शनिवार अकरापासून धरलेला काळ रविवार सकाळपासूनच मोजावा लागतो आणि शनिवारी आलेल्या माणसांना उगाच घाबरवावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे आता शिळे झाले; कार्डांत चिप आली, पट्टीची नक्कल चालत नाही. यात बरेच तथ्य आहे. नुसत्या पट्टीची कार्डे बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती, आणि एटीएमवर स्किमिंगविरोधी साधने बसवायला मार्च २०१९ पर्यंतचा अवधी होता. चिप दर व्यवहाराला नवा संकेत बनवते. तिची तशी नक्कल होत नाही. पट्टीतल्या तीन आकडी संकेतातच ‘या कार्डाला चिप आहे’ हे लिहिलेले असते, आणि चोराने तो आकडा बदलला तर पडताळणीचे आकडे जुळत नाहीत. पण चिप असलेल्या कार्डांच्या पाठीवरही काळी पट्टी राहिली आणि यंत्राच्या तोंडातून ती चिपेबरोबरच आत जाते. चिप वाचता आली नाही तर पट्टीवर काम चालवायचे, ही मोकळीक कुठे तरी शिल्लक असली, किंवा पडताळणीचे आकडे नीट तपासले गेले नाहीत, की नक्कल चालून जाते. ही नुसती शंका नाही. डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे मुदत उलटून वर्ष होत आले असताना, कोलकात्यात जादवपूर भागातल्या खातेदारांचे पैसे गेले आणि ते दिल्लीच्या एटीएममधून काढले गेले होते. स्टेट बँकेने जानेवारी २०२० पासून रात्रीच्या वेळी दहा हजार व त्यावरच्या रकमेसाठी मोबाइलवर येणारा ओटीपी सक्तीचा केला आणि सप्टेंबर २०२० पासून तो दिवसभरासाठी लागू केला. चिपेने सगळेच मिटवले असते तर या जादा कुलपाची गरज पडली नसती. धोका कमी झाला, हे मान्य. पण धोका कमी झाल्यामुळे उपकरण सापडल्यावर करायचा हिशेब कमी होत नाही.

दुसरा आक्षेप बँकांकडून येतो: संख्या जाहीर केली तर घबराट होते, आणि संभाव्य बाधितांतल्या बहुतेकांचे तर काहीच गेलेले नसते. दुसरा भाग खरा आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशभर गाजलेल्या प्रकरणात सुमारे बत्तीस लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे सांगितले गेले, आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने नुकसानीचा आकडा दिला तो १९ बँकांचे ६४१ ग्राहक आणि सुमारे १ कोटी ३० लाख रुपये असा. ते स्किमरचे प्रकरण नव्हते. एटीएम चालवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरली होती. पण संभाव्य बाधित आणि खरे बाधित यांतले अंतर त्यात स्पष्ट दिसते. मात्र याच प्रकरणातल्या तारखा पाहा. माहिती फुटली २१ मे ते ११ जुलै या काळात. सामान्य ग्राहकाला कळले ऑक्टोबरमध्ये, जेव्हा बँकांनी लाखो कार्डे एकदम बंद करायला घेतली. पेट्रोल पंपावर, दवाखान्यात कार्ड अचानक चालेनासे झाले आणि मग कारण समजले. घबराट झाली ती इतक्या उशिरा आणि अर्धवट कळल्यामुळे. ‘अमुक यंत्र, अमुक तारखेच्या या वेळेपासून त्या वेळेपर्यंत, तुम्ही या काळात गेला असाल तर कार्ड बदलून घ्या, गेला नसाल तर काळजी नको’ एवढे सांगितले तर ज्यांना गरज आहे तेवढेच लोक हालचाल करतात. काळ ठाऊक नसला की बँकेपुढे दोनच वाटा उरतात: सगळ्यांना सांगा, नाही तर कोणालाच सांगू नका. दुसरी वाट सोपी म्हणून तीच धरली जाते.

तिसरा आक्षेप ग्राहकाच्या गळ्यात जबाबदारी घालणारा आहे: पिन दाबताना हात आडवा धरा म्हणजे झाले. हात आडवा धरलाच पाहिजे. कॅमेऱ्याविरुद्ध त्याइतका स्वस्त उपाय नाही. पण खोट्या कळफलकापुढे तो उपाय चालत नाही, आणि तोंडाच्या आत सरकवलेले पातळ उपकरण कोणत्याही ग्राहकाला दिसणार नाही. यंत्र बँकेचे, खोली बँकेची, कॅमेरा बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. त्यानुसार अशा तिसऱ्याच माणसाने केलेल्या चोरीत व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतची मर्यादा. पैसे तात्पुरते खात्यात जमा करायला बँकेला दहा कामकाजाचे दिवस आहेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही हे लागू झाले. ही तरतूद चांगली आहे, पण तिची सगळी घड्याळे पैसे गेल्यानंतर चालू होतात. तिकडे, घटना घडली की बँकेने रिझर्व्ह बँकेला दोन ते सहा तासांत आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला सहा तासांत कळवायचे असते. वर कळवण्याची मुदत तासांत मोजली जाते. ज्याचे कार्ड त्या तोंडातून गेले त्याला पैसे जाण्याआधी कळवण्याचे घड्याळ या परिपत्रकात नाही. स्किमर सापडल्याच्या घटनेत ग्राहकाला वाचवता येते ते नेमके याच मधल्या काळात. तिरुवनंतपुरमला हा काळ महिनाभराहून मोठा होता.

राहिला खर्चाचा मुद्दा. तालुक्याच्या गावाबाहेरच्या यंत्रावर रखवालदार ठेवणे परवडत नाही, हे बँका म्हणतात ते खरे असू शकते. पण रोकड भरायला माणसे येतातच. त्यांनी कार्डाचे तोंड हाताने हलवून पाहावे, कळफलकाची कड नखाने तपासावी, छत आणि माहितीपत्रकांचा खण पाहावा आणि तोंडाचा, कळफलकाचा व छताचा असे तीन फोटो वेळेसह शाखेला पाठवावेत. याला पाच मिनिटे पुरतात. तोंडाच्या खोल आत बसलेले उपकरण या तपासणीत सुटेल, हे कबूल करायला हवे. त्यासाठी यंत्र उघडणारा तंत्रज्ञच लागतो. पण कॅमेरा किंवा खोटा कळफलक बाहेरच असतो आणि त्याच्याशिवाय चोरलेली पट्टी एटीएमवर चालत नाही. जोडीतली एक वस्तू दिसली तरी पुरे. दर भरण्याला एक तारीख मिळाली तर सुरुवातीची कड कधीही दोन-चार दिवसांपलीकडे जाणार नाही, आणि रिद्धपूरच्या यंत्रावर आलेला पंजाबचा यात्रेकरू यादीत सापडेल.

वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्ही वापरलेल्या एखाद्या यंत्रावर स्किमर सापडल्याचे कळले तर पैसे गेले नसले तरी थांबू नका. दुसऱ्या यंत्रावर पिन बदला, म्हणजे जुना पिन निरुपयोगी होईल, आणि कार्ड बंद करून नवे मागा. पैसे गेलेच असतील तर बँकेला लेखी कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा, तीन दिवसांच्या आत. दुसरी गोष्ट शाखेत जाऊन करायची आहे. यंत्र शेवटचे केव्हा तपासले, ती तारीख आणि वेळ एटीएमच्या खोलीत लावा, अशी मागणी तुमच्या शाखाधिकाऱ्यांकडे लेखी करा आणि अर्जाची पोच घ्या.